बिलावरचा आठ शून्य का दिसतो?

परळमध्ये केईएम, टाटा स्मारक आणि वाडिया रुग्णालयांच्या आसपास औषधांची दुकाने आहेत. अशा काही दुकानांत आजही बिल छापताना करकर आवाज येतो. हा आवाज डॉट मॅट्रिक्स प्रिंटरचा. लेझर प्रिंटर स्वस्त झाले, तरी तो टिकून आहे, कारण तो कागदावर ठोसा मारतो.

इंकजेट प्रिंटर शाई उडवतो, लेझर पूड चिकटवतो. दोन्हींचा दाब खालच्या कागदापर्यंत जात नाही. डॉट मॅट्रिक्सच्या हेडमध्ये साधारण ०.३ मिलिमीटर जाडीच्या ९ सुया एकाखाली एक उभ्या ओळीत असतात. प्रत्येक सुईमागे विद्युतचुंबक असतो. त्यातून विजेचा झटका गेला की सुई पुढे येऊन शाईच्या रिबिनीवर आदळते आणि कागदावर ठिपका उमटतो. त्याच ठोशाने खालच्या कार्बनमधून दुसरी आणि तिसरी प्रतही निघते.

या प्रती कायद्यानेही लागतात. जीएसटीच्या नियमांनुसार मालाचे बिल तीन प्रतींत हवे: खरेदीदार, वाहतूकदार आणि विक्रेता यांच्यासाठी एकेक. औषध नियम १९४५ मध्ये तर घाऊक विक्रीच्या बिलांच्या कार्बन प्रती तीन वर्षे जपण्याचे बंधन शब्दशः आहे. वेगळी प्रत छापण्यापेक्षा एकाच ठोशात तिन्ही प्रती काढणे दुकानदाराला सोपे पडते, शिवाय तिन्हींवरचा मजकूर एकच असल्याची खात्रीही राहते. थर्मल कागदावरची छपाई उष्णतेने आणि काळाने पुसट होते. कार्बन प्रत त्या मानाने टिकते.

झिजण्यात रिबिनीचा नंबर पहिला. ती नायलॉनची असते आणि कार्ट्रिजमध्ये गोल गोल फिरत राहते. शाई संपत जाते तशी अक्षरे फिकी होतात. पण रिबिनीतली शाई नुसता रंग देत नाही, ती सुयांना वंगणही देते. म्हणून कोरडी रिबीन तशीच चालवली, तर सुयांचे घर्षण वाढते. तिचे धागे निघाले की सुईचे टोक त्यात अडकते आणि वाकते किंवा तुटते. रबरी शिक्क्याची शाई रिबिनीवर ओतण्याची युक्तीही अंगाशी येते. त्या शाईत हवे ते वंगण नसते आणि ती सुयांच्या वाटेत घट्ट बसू शकते.

सुई तुटल्यावर काय होते, ते आठच्या आकड्यावर पाहू. बिलावर आकडे इंग्रजी असतात आणि साध्या अक्षरांत एक आकडा सात ठिपके उंच असतो. समजा, वरून चौथी सुई निकामी झाली. 8 ची मधली आडवी रेघ याच सुईने उमटते, ती गेली. 0 च्या दोन्ही बाजूंचे मधले ठिपकेही गेले. उरलेले ठिपके दोन्हींचे सारखेच. शून्यात तिरकी रेघ नसेल, तर 2081 हा बॅच नंबर 2001 वाचला जाऊ शकतो. एखादी बॅच सदोष म्हणून परत मागवली गेली, तर दुकानदाराला त्या प्रतीवरूनच कोणाला काय विकले ते शोधायचे असते.

दोष कुठे आहे, हे प्रतींवरूनच कळते. वरची प्रत फिकी आणि खालच्या ठळक असतील, तर ठोसा ठीक आहे, रिबीन बदला. वरची ठळक आणि शेवटची पुसट असेल, तर हेड आणि कागद यांतले अंतर तपासा. कागदाच्या जाडीनुसार हे अंतर बदलायला प्रिंटरवर छोटी कळ असते. जाड सेटला अंतर कमी ठेवले तर रिबीन कागदावर घासते आणि सुयांवर ताण येतो. पातळ कागदाला ते जास्त ठेवले तर सुया पूर्ण पोहोचत नाहीत. आणि सगळ्या प्रतींवर, प्रत्येक ओळीत, एकाच उंचीवर पांढरी रेघ दिसत असेल, तर एक सुई गेली आहे किंवा वाळलेल्या शाईने अडकली आहे. खात्रीसाठी प्रिंटरची स्वचाचणी काढता येते. बऱ्याच मॉडेल्सवर लाइन फीडचे बटण दाबून धरून प्रिंटर चालू केला की अक्षरांची पट्टी छापली जाते.

ग्राहकानेही एवढे करावे: काउंटर सोडण्यापूर्वी बिलावरचा बॅच नंबर आणि मुदतीची तारीख गोळ्यांच्या पाकिटाशी ताडून पाहावी. आकडा अर्धवट छापलेला दिसला, तर दुकानदाराकडून तो पेनाने लिहून घेऊन सही-शिक्का मागावा. विमा कंपनीकडे किंवा कार्यालयात खर्चाची भरपाई मागताना हाच कागद पुढे करावा लागतो.