डेव्हलपरचं काम मध्येच थांबवायचंय? आधी डोमेन कुणाच्या नावावर आहे ते बघा

वेबसाइटचं काम निम्म्यावर येतं, तारखा पुढे ढकलल्या जातात, फोन उचलले जात नाहीत आणि एक दिवस मालक चिडून मेल टाकतो, ‘उद्यापासून तुमचं काम बंद.’ हा मेल सगळ्यात शेवटी जायला हवा. तो जातो त्या वेळी साइटचा कोड, डोमेन आणि सर्व्हर बहुधा डेव्हलपरच्याच हातात असतात. पैसे आपण दिले म्हणजे या तिन्ही गोष्टी आपोआप आपल्या झाल्या, असं कायदा मानत नाही.

समजा, कोल्हापुरातल्या एका चप्पल-दुकानदाराने पुण्याच्या एका डेव्हलपरला ऑनलाइन दुकानाचं काम दिलं. ठरले १,८०,००० रुपये, साठ-साठ हजारांचे तीन हप्ते. दोन हप्ते गेले. मालाची यादी दिसते, शिपिंगचे दर लागतात, पण पेमेंट गेटवे जोडलेला नाही आणि काम चार महिने अडकलं आहे. डोमेन डेव्हलपरनेच आपल्या खात्यातून घेतलं. हॉस्टिंगही त्याच्याच खात्यात, इतर गिऱ्हाइकांच्या साइट्सबरोबर.

दुकानदाराने पहिल्यांदा बघायचं ते डोमेनची नोंद. कुठल्याही व्हूइज शोधपानावर नाव टाकलं की ती दिसते. लिनक्स किंवा मॅकवर एवढंही पुरतं:

```
whois example.in
```

त्यात `Registrar`, `Registrant Organization` आणि `Registry Expiry Date` या ओळी वाचायच्या. माणसाचं नाव आजकाल बहुधा झाकलेलं असतं, पण संस्थेच्या ओळीत डेव्हलपरच्या फर्मचं नाव दिसलं, तर रजिस्ट्रारच्या लेखी डोमेनचा धनी तोच. बिल दुकानदाराने भरलं होतं, हे रजिस्ट्रारला दिसत नाही. तो नोंदीतल्या माणसाचंच ऐकतो. `.in` नावांचे तंटे सोडवायची सोय निक्सी या संस्थेकडे आहे आणि `.com`साठीही तशी पद्धत आहे. पण तिथे तुमचा ट्रेडमार्कसारखा हक्क आणि समोरच्याची वाईट दानत दाखवावी लागते. थकलेल्या हप्त्यावरून झालेलं भांडण तिथे सहसा टिकत नाही.

म्हणून डोमेन बोलणी गोडीची असतानाच हलवून घ्यावं. सोपा मार्ग असा, की दुकानदाराने त्याच रजिस्ट्रारकडे स्वतःचं खातं उघडायचं आणि डेव्हलपरला डोमेन त्या खात्यात ‘पुश’ करायला सांगायचं. दुसऱ्या रजिस्ट्रारकडे न्यायचं तर ट्रान्सफर लॉक काढून ऑथ कोड घ्यावा लागतो आणि चार-सहा दिवस जातात. `.com`च्या बाबतीत मालकाचं नाव बदललं की दुसऱ्या रजिस्ट्रारकडे जायला ६० दिवसांची बंदी लागू शकते, म्हणून आधी काय करायचं हे रजिस्ट्रारला विचारूनच हात घालावा. नव्या खात्याला जीमेलसारखा वेगळा पत्ता द्यावा. डोमेनवरचाच मेल दिला आणि डोमेन बंद पडलं, तर पासवर्ड बदलायची लिंकही येणार नाही.

हॉस्टिंग म्हणजे भाड्याचा गाळा. तो सोडून जाता येतं, म्हणून त्यावरून फार भांडू नये. आतला माल मात्र पूर्ण उचलला पाहिजे. माल म्हणजे साइटच्या फाइल्स, चित्रांचं `wp-content/uploads` फोल्डर आणि डेटाबेस. लोक बहुधा डेटाबेसच विसरतात, आणि ऑर्डरी, गिऱ्हाइकांचे पत्ते, मालाची वर्णनं सगळं त्यातच असतं. सर्व्हरवर शिरकाव असेल तर एका ओळीत त्याची प्रत निघते:

```
mysqldump -u USER -p DBNAME > backup.sql
```

ही प्रत नोटिशीच्या आधी निघायला हवी. डीएनएसच्या नोंदीही लिहून ठेवाव्यात, विशेषतः `MX` आणि `TXT`. नवा नेमसर्व्हर लावताना या राहिल्या, तर साइट चालू दिसते पण मेल येणं बंद होतं आणि दोन दिवस कुणाच्या लक्षातही येत नाही.

आता कोड. प्रताधिकार कायदा, १९५७ मध्ये संगणक प्रोग्राम साहित्यकृतीत धरला जातो. पगारी नोकराने नोकरीत लिहिलेला कोड मालकाचा. कंत्राटदाराने लिहिलेला मात्र, वेगळा करार नसेल तर, कंत्राटदाराचाच, हप्ते पुरते फिटले तरी. कलम १९ प्रमाणे हक्क द्यायचे तर लेखी, सही केलेला दस्त लागतो. त्यात मुदत लिहिली नाही तर ती ५ वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. मिळालेले हक्क वर्षभरात वापरले नाहीत तर तेही संपतात, दस्तात वेगळं लिहिलं नसेल तर. म्हणून एक वाक्य हवंच: ‘या साइटसाठी लिहिलेल्या सोबतच्या यादीतील सर्व कोडचे सर्व हक्क, संपूर्ण मुदतीसाठी आणि जगभरासाठी, मिळालेल्या मोबदल्यात कायमचे देत आहे, एका वर्षात न वापरले म्हणून ते संपणार नाहीत.’

यादीत काय लिहायचं, इथे घोळ होतो. आपली साइट वर्डप्रेस आणि वूकॉमर्सवर आहे. ते दोन्ही मुक्त परवान्याचे आहेत, ते डेव्हलपर आपल्याला देऊ शकत नाही. त्याने देण्याजोगं म्हणजे त्याने बनवलेली थीम आणि स्वतः लिहिलेले प्लगिन. विकत घेतलेले प्लगिन त्याच्या लायसन्सवर असतील तर साइट चालत राहते, पण अपडेट थांबतात आणि काही महिन्यांत तिथूनच फट पडते. ती लायसन्स दुकानदाराने आपल्या नावावर नव्याने घ्यावीत.

पैशांच्या बाबतीत डेव्हलपरची बाजूही खरी आहे. त्याने केलेल्या कामाचा मोबदला त्याला मिळालाच पाहिजे. त्याची उद्यम नोंदणी असेल तर लघुउद्योग कायद्यानुसार ४५ दिवसांच्या पुढे थकवलेल्या पैशावर तो जबर व्याजही मागू शकतो. आपल्या उदाहरणात दोघांनी बसून तिसऱ्या हप्त्यातलं झालेलं काम २५,००० रुपयांचं ठरवलं. त्यातले १०,००० डोमेन दुकानदाराच्या खात्यात दिसल्यावर. उरलेले १५,००० दस्तावर सही झाल्यावर आणि नव्या हॉस्टिंगवर साइट उभी राहिल्यावर, तीही फक्त दिलेल्या फाइल्स आणि डेटाबेसवरून. ही शेवटची अट सोडू नये. फाइल कमी असेल, पासवर्ड चुकीचा असेल, चित्रं गायब असतील, ते तिथेच उघडं पडतं. करारात कंत्राट संपवायचं कलम असेल तर नोटिशीचे दिवस त्याप्रमाणेच मोजावेत.

ताबा मिळाला त्याच दिवशी सगळे पासवर्ड बदलायचे. वर्डप्रेसच्या वापरकर्त्यांच्या यादीत `Administrator` म्हणून दुसरं कुणी आहे का ते बघायचं, एफटीपीची खाती काढायची, शिपिंग कंपनी आणि पेमेंट गेटवेच्या एपीआय किल्ल्या नव्याने बनवायच्या.

आणि डेव्हलपरने रागाने साइट पुसली तर? माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४३ मध्ये धन्याच्या परवानगीविना माहिती नष्ट करणं आणि अधिकृत माणसाला प्रवेश नाकारणं, दोन्ही येतं. दुकानदार चोरलेल्या पासवर्डने डेव्हलपरच्या खात्यात घुसला तर तोही त्याच कलमात सापडतो. पण हॉस्टिंगचं खातंच डेव्हलपरच्या नावावर असेल, तर धनी कोण याचा वाद आधी लढावा लागतो, आणि तोवर दुकान बंद असतं.

तुमची साइट सुरळीत चालत असेल, डेव्हलपरशी संबंध उत्तम असतील, तर डोमेन तुमच्या नावावर घ्यायला हीच वेळ योग्य आहे. आज व्हूइजमध्ये नोंद बघा आणि दुसऱ्याचं नाव दिसलं, तर याच आठवड्यात त्याला फोन करून बदलून मागा.