‘प्लीज’ लिहूनही हुकूम का वाटतो?

गेल्या महिन्यात आमच्या सूनबाईच्या ऑफिसात एक छोटा प्रसंग घडला. ती इथे हैदराबादेतच एका कंपनीत हिशेब जुळवणीचे काम करते, आठवड्यातले तीन दिवस घरून. एके दिवशी दुपारी ३.४० ला तिने तिच्याच टीममधल्या एका तेलुगू सहकाऱ्याला स्लॅकवर संदेश पाठवला: “हाय. प्लीज चेक टुडेज सेटलमेंट फाइल अँड कन्फर्म. नीड इट बाय ५.” त्याने काम केले आणि ४.३५ ला “डन” एवढा एकच शब्द लिहिला. दुसऱ्या दिवशी ऑफिसात जेवताना तो हसत हसत म्हणाला, “काल तू माझी मॅनेजर झाली होतीस का?”

संध्याकाळी ती मला म्हणाली, “बाबा, मी तर प्लीज लिहिलं होतं.”

ज्यांनी स्लॅक पाहिले नसेल त्यांच्यासाठी सांगतो. ऑफिसातल्या लोकांनी आपसात लिहून बोलण्याची ही सोय आहे, साधारण आपल्या व्हॉट्सअ‍ॅपसारखी. प्रत्येक विषयाचा एक चॅनेल असतो, तो टीममधले सगळे वाचतात. शिवाय एकट्याला खासगी संदेशही पाठवता येतो. आजकाल शेजारच्या टेबलावरच्या माणसालाही लोक यावरच लिहितात. आमच्या वेळी मदत हवी असली की उठून दुसऱ्याच्या टेबलापाशी जायचो. “अहो, जरा हे व्हाउचर बघता का? माझं काही जुळत नाहीये.” तेवढ्यात समोरच्यापुढे कामाचा ढीग दिसला तर “बरं, नंतर येतो” म्हणून परत फिरायचो. म्हणजे विनंतीचा अर्धा भाग तोंडाने व्हायचा आणि अर्धा डोळ्यांनी. स्लॅकवर डोळ्यांचा भाग गेला. उरले ते शब्द, आणि तेही बहुधा इंग्रजी.

गोम इथेच आहे. आपण मनात मराठीत विनंती करतो आणि बोटांनी इंग्रजीत हुकूम टाइप करतो. मराठीत कोणी “बघ” म्हणत नाही, “जरा बघशील का?” म्हणतात. त्यातला ‘जरा’ काम लहान करतो, ‘बघशील’ ते पुढे ढकलून समोरच्याच्या मर्जीवर सोडतो आणि ‘का’ने त्याचा प्रश्न होतो. तेलुगूतही असेच आहे. तो सहकारी घरी “कोंचम चूस्तारा?” म्हणत असणार, म्हणजे ‘थोडं बघता का?’ कोंचम म्हणजे जरा, आणि शेवटचा ‘आ’ म्हणजे आपला ‘का’. इंग्रजीत उतरवताना या दोन्ही गोष्टी गळून पडतात आणि त्यांच्या जागी आपण एक ‘प्लीज’ चिकटवतो.

पण ‘प्लीज’ने आज्ञार्थाचा प्रश्न होत नाही. “प्लीज चेक” म्हणजे “कृपया तपासा”. “कृपया रांगेत उभे राहा” ही आमच्या शाखेतली पाटी सभ्य होती, पण तिला कोणी ‘नाही’ म्हणू शकत नव्हते. वरच्या ऑफिसातून शाखेला येणाऱ्या पत्रांतला ‘काइंडली’ही त्याच जातीचा. मी तीसेक वर्षे ती भाषा वाचली आणि लिहिली, त्यामुळे तिची सवय किती चिवट असते ते जाणतो. आजही सूनबाईच्या टीममधली मुले “काइंडली डू द नीडफुल” लिहितात, मुदतीचा पत्ता नसताना “रिव्हर्ट अ‍ॅट द अर्लिएस्ट” लिहितात. आपल्याकडे रिव्हर्ट म्हणजे उत्तर द्या. अमेरिकेत बसलेला सहकारी मात्र त्याचा अर्थ ‘पूर्वीसारखे करा’ असा घेऊ शकतो. संगणकाच्या कामात तर एखादा बदल मागे घ्यायलाच रिव्हर्ट म्हणतात. तिथे नुसता सूर नाही, कामही बिघडेल.

तेव्हा पहिली दुरुस्ती व्याकरणाची. ‘प्लीज चेक’ऐवजी ‘कुड यू चेक’ किंवा ‘वुड यू बी एबल टु चेक’. वाक्य प्रश्नचिन्हाने संपले की समोरच्याला हो म्हणण्याची संधी मिळते. हुकूम पाळला जातो, विनंती मान्य केली जाते. माणसाला हा फरक जाणवतो, मग काम तेच का असेना.

मात्र नुसते ‘कुड यू’ घालून तिचा संदेश सुधारला नसता. खरा काटा “नीड इट बाय ५” मध्ये होता. पाच ही वेळ कोणाची? तिची की क्लायंटची? का पाचच? कारण न सांगता दिलेली वेळ ही वरिष्ठाची वेळ वाटते. वस्तुस्थिती अशी होती की पाच वाजता दिवसाचा अहवाल क्लायंटकडे जाणार होता आणि आकडे जुळत नव्हते. तिच्या खातेवहीत त्या दिवसाची जमा १२,४६,३०० रुपये दिसत होती, पेमेंट गेटवेच्या सेटलमेंट फाइलमध्ये १२,२७,८५०. फरक १८,४५० रुपयांचा. परत केलेल्या रकमांमुळे असेल म्हणून तिने ती यादी आधीच तपासली होती, त्यात काही सापडले नव्हते. मध्यरात्रीच्या सुमाराचे काही व्यवहार दुसऱ्या दिवसाच्या फाइलमध्ये गेले असावेत असा तिचा संशय होता, आणि त्या फाइल बघण्याचा अधिकार त्या सहकाऱ्याकडे होता.

यातले काहीही संदेशात नव्हते. त्याला दिसले ते एवढेच: सगळी फाइल तपास आणि ठीक आहे असे सांग. म्हणजे काम किती मोठे आहे तेही कळले नाही. त्याने बिचाऱ्याने फाइल सुरुवातीपासून पाहिली, म्हणून पाऊण-एक तास लागला. शंका मध्यरात्रीच्या व्यवहारांची आहे एवढे कळले असते तर ते दहा-पंधरा मिनिटांत झाले असते. “डन” मागची नाराजी बहुतेक या पाऊण तासाची असावी.

आम्ही दोघांनी बसून तो संदेश पुन्हा लिहिला. इंग्रजीत तो चार वाक्यांचा झाला. इथे मराठीत देतो:

“हाय, आजच्या सेटलमेंटमध्ये १८,४५० चा फरक येतोय. रिफंडची यादी मी पाहिली, त्यात नाही. रात्री बाराच्या आसपासचे व्यवहार उद्याच्या फाइलमध्ये गेले असावेत असं वाटतंय. तेवढं तुला बघता येईल का? पाचला अहवाल क्लायंटकडे जातो. तुला आज वेळ नसेल तर सांग, मी फरकाची टीप लिहून पाठवीन.”

शेवटच्या वाक्यावर आमचा थोडा वाद झाला. तिचे म्हणणे, असे लिहिले तर तो सरळ नाहीच म्हणेल. मी म्हटले, म्हणू दे. टीप लिहून अहवाल पाठवता येतो ना? येतो. मग ती वाट खरी आहे, सांगायला हरकत नाही. ‘नाही’ म्हणायची जागा दिली की मागणीची विनंती होते. पण ती जागा खरी हवी. फरक सापडल्याशिवाय अहवाल पाठवताच येत नसता, तर “वेळ असेल तर” लिहिणे ही लबाडी झाली असती. अशा वेळी सरळ लिहावे: “हे आज पाचच्या आत लागेलच, तुला जमत नसेल तर कोणाला विचारू?” यातही माणसाला नाही म्हणता येते, काम मात्र अडत नाही.

हेच वरिष्ठांबाबत. मॅनेजरने “कॅन यू?” विचारले तरी ऐकणाऱ्याला ते ‘कर’ असेच ऐकू येते. मॅनेजरला खरेच पर्याय द्यायचा असेल तर त्याने “उद्या दिलंस तरी चालेल” असे स्पष्ट लिहावे. आणि सगळी यंत्रणाच बंद पडली असेल तर गोड बोलत बसू नये. “पेमेंट बंद आहेत, ताबडतोब बघ” याचा कोणालाही राग येत नाही.

उलट टोकही आहे. मी तिला पहिल्यांदा सुचवलेला मसुदा वाचून ती हसलीच. “तू कामात असशील, त्रास देतोय, माफ कर, अगदी वेळ मिळाला तरच...” आमच्या पिढीचा संकोच! तीन ओळी वाचूनही काम काय ते कळत नाही, आणि एवढी माफी मागितली की समोरच्याला वाटते, काम भलतेच मोठे दिसते. पंधरा मिनिटांच्या कामाला एक ‘का’ पुरे.

तसेच नुसते “हाय” लिहून थांबणे. आपल्याला तो शिष्टाचार वाटतो: आधी नमस्कार, मग काम. पण तिकडे स्क्रीनच्या कोपऱ्यात नुसते “हाय” उमटते, तो हातातले काम सोडून “हाय, सांग” लिहितो आणि तुम्ही टाइप करीत असताना वाट बघत बसतो. म्हणून नमस्कार आणि काम एकाच संदेशात, आणि कामाचे वाक्य जितके वर येईल तितके बरे. कोपऱ्यातल्या सूचनेत सुरुवातीचे थोडेच शब्द दिसतात.

एकाच माणसाचे काम असेल तर सगळ्यांच्या चॅनेलवर त्याचे नाव घेऊन विचारावे का, हा नाजूक प्रश्न. तिथे विचारले की सगळ्यांसमोर त्याला उभे केल्यासारखे होते, आणि नाही म्हणणे अवघड जाते. पहिली विनंती खासगीत बरी. कोणीही केले तरी चालेल असे काम असेल तर चॅनेलवर लिहावे, पण `@channel` सांभाळून वापरावे. त्याने चॅनेलमधल्या सगळ्यांना सूचना जाते. `@here` निदान त्या वेळी हजर असलेल्यांनाच जाते. उत्तर आले नाही तर तासाभराने नुसते प्रश्नचिन्ह पाठवायची एक वाईट रीत पडली आहे. त्यापेक्षा “साडेचारपर्यंत थांबते, नंतर टीप लिहून पाठवते” असे लिहिले की आठवणही होते आणि त्याला उत्तर न देता सुटताही येते.

पुढच्या आठवड्यात पुन्हा फरक आला, या वेळी ६,२०० चा. तिने नव्या पद्धतीने लिहिले. दहा मिनिटांत उत्तर आले: दोन व्यवहार, रात्री ११.५८ आणि ११.५९ चे, दुसऱ्या दिवशीच्या फाइलमध्ये. अहवाल गेल्यावर तिने त्याच संदेशाखाली लिहिले की दोन्ही सापडले, आकडे जुळले, अहवाल ४.५० ला गेला. त्यावर त्याने विचारले, रोज रात्री साडेअकरानंतरच्या व्यवहारांची वेगळी यादी काढून ठेवू का? तिने न विचारताच.