एका तासिकेचे साडेसहा कोटी

शाळेची एक तासिका साधारण ३५ मिनिटांची असते. घंटा होते, गुरुजी हजेरी घेतात, फळ्यावर तारीख पडते, अर्धा धडा वाचून होतो आणि पुन्हा घंटा होते. तेवढ्या वेळात महाराष्ट्राच्या तिजोरीतून शिक्षणाच्या नावावर सुमारे साडेसहा कोटी रुपये गेलेले असतात.

हिशेब अवघड नाही. २०२४-२५ चा राज्याचा अर्थसंकल्प सहा लाख कोटींच्या घरातला. त्यातला साधारण सहावा हिस्सा शिक्षण, क्रीडा, कला आणि संस्कृती यांच्या वाट्याचा. ढोबळमानाने एक लाख कोटी म्हणू. एकावर बारा शून्ये. ३६५ दिवसांवर वाटले तर दिवसाला २७४ कोटी आणि मिनिटाला १९ लाख होतात. रात्र असो, दिवाळीची सुटी असो की मे महिना, हे मीटर थांबत नाही.

आता याच्या शेजारी सोलापूर जिल्ह्यातला एक आकडा ठेवू. ३ डिसेंबर २०२० रोजी माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले शिक्षक रणजितसिंह डिसले यांना ग्लोबल टीचर प्राइझ जाहीर झाले. रक्कम १० लाख डॉलर, त्या वेळच्या भावाने सात कोटींहून थोडी जास्त. (त्यातली निम्मी त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून टाकली.) एका शिक्षकाला मिळालेली ती अवाढव्य रक्कम म्हणजे राज्याच्या शिक्षणखर्चाची जेमतेम चाळीस मिनिटे. मग उरलेल्या वर्षभराच्या मिनिटांत शिकणे किती होते, हा प्रश्न पडणारच.

त्यासाठी आधी पैसा कुठे जातो ते पाहायला हवे, आणि ते सगळ्यात लहान शाळेत स्वच्छ दिसते. वीस किंवा त्याहून कमी पट असलेल्या शाळांची समूह शाळा करण्याचा विचार २०२३ मध्ये शासनाने पुढे आणला, तेव्हा अशा शाळांचे आकडे जाहीर झाले. शाळा सुमारे १४,८००, मुले १ लाख ८५ हजार, शिक्षक २९,७०० च्या आसपास. म्हणजे सरासरी शाळेत दोन शिक्षक आणि बारा-तेरा मुले. वस्तीवरची द्विशिक्षकी शाळा डोळ्यांसमोर आणा: दोन खोल्या, एक व्हरांडा, पहिली-दुसरी एकीकडे आणि तिसरी-चौथी दुसरीकडे.

या शाळेचा वार्षिक हिशेब मांडू. बऱ्यापैकी सेवा झालेल्या शिक्षकाचा पगार हिशेबापुरता महिना ७० हजार धरला, तर दोघांचे वर्षाचे १६ लाख ८० हजार झाले. साडेबारा मुलांवर वाटले तर दर मुलामागे १ लाख ३४ हजार. आता दुसरा आकडा. समग्र शिक्षा अभियानातून शाळेला मिळणारे संयुक्त अनुदान तीसपर्यंत पट असेल तर वर्षाला १० हजार रुपये आहे. खडू, झाडू, वीजबिल, गळके पत्रे, नळाची तोटी आणि उरलेच तर तक्ते आणि गोष्टीची पुस्तके, सगळे यातूनच. मुलामागे ८०० रुपये. एकाच मुलाच्या नावावर एका खात्यात १ लाख ३४ हजार आणि दुसऱ्यात ८००.

सोलापूर जिल्हा परिषदेच्या सुमारे २,८०० शाळा आहेत. लहान-मोठ्या मिळून शाळेमागे सरासरी १५ हजार अनुदान धरले, तर सगळ्या अकरा तालुक्यांतल्या शाळांचे वर्षभराचे अनुदान चार कोटी वीस लाख होते. राज्याच्या शिक्षणखर्चाच्या मीटरवर ही २२ मिनिटे. एक तासिकाही भरत नाही. आणि देशभरातल्या शाळांच्या खर्चाचा माग काढणाऱ्या ‘पैसा’ सर्वेक्षणांत वर्षानुवर्षे दिसले ते असे की, हे तुटपुंजे पैसेही बऱ्याचदा वर्षाच्या उत्तरार्धात खात्यावर येतात. मार्चअखेर उपयोगिता प्रमाणपत्र द्यायचे असते. अशा वेळी सगळ्यात लवकर आणि बिनबोभाट होणारा खर्च म्हणजे रंगरंगोटी. भिंत नवी होते, वाचन तिथल्या तिथे राहते.

यावरून ‘पगारच सगळे खातो’ असा निष्कर्ष काढायचा मोह होतो. तो चुकीचा आहे. शिक्षकाशिवाय शाळा नाही, आणि पहिली तीन वर्षे शिक्षणसेवक म्हणून १६ हजारांच्या मानधनावर काढणाऱ्या तरुणाला कोणी चैनीत आहे म्हणणार नाही. खरा प्रश्न पुढचा आहे: त्याच शिक्षकावर जास्त पैसा खर्च केला, तर तीच मुले जास्त शिकतात का?

याची एका देशाने जवळजवळ प्रयोगशाळेत करावी तशी परीक्षा घेतली. इंडोनेशियाने २००५ च्या कायद्याने प्रमाणित शिक्षकांचा मूळ पगार दुप्पट करायचे ठरवले. एवढे पैसे एकदम देणे शक्य नव्हते, म्हणून शिक्षक टप्प्याटप्प्याने या योजनेत येणार होते. संशोधकांनी सरकारशी बोलून ३६० शाळा निवडल्या आणि त्यांपैकी चिठ्ठ्या टाकाव्यात तशा निवडलेल्या १२० शाळांतल्या पात्र शिक्षकांना ही वाढ आधी मिळवून दिली. दोन-तीन वर्षांनी मोजले. शिक्षक समाधानी होते, कर्जाची ओढाताण कमी झाली होती, जोडधंदे करणारे घटले होते. मुलांचे गुण मात्र बाकीच्या २४० शाळांतल्या मुलांइतकेच निघाले. पगारवाढीने शिक्षकाचे घर सावरले, वर्गात काय घडते ते बदलले नाही, कारण वर्गात काही बदलावे अशी अट त्या पैशाला जोडलेलीच नव्हती.

आपल्याकडचे चित्र ‘असर’ सर्वेक्षणात दिसते. त्याची चाचणी कोणालाही घेता यावी इतकी साधी. एका कागदावर अक्षरे, शब्द, पहिलीच्या पातळीचा चार ओळींचा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची छोटी गोष्ट. मुलाला घरी गाठून, जवळ बसवून वाचायला सांगायचे. २०१० मध्ये ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या मुलांपैकी ५३.७ टक्क्यांना ती दुसरीची गोष्ट वाचता येत होती. मधल्या आठ वर्षांत शिक्षण हक्क कायद्याची अंमलबजावणी झाली, वर्गखोल्या आणि स्वच्छतागृहे बांधली गेली, केंद्र आणि राज्यांचा शिक्षणखर्च रुपयांत दुपटीच्या आसपास गेला. अर्थात त्यातला काही भाग महागाईने खाल्ला. २०१८ चा आकडा ५०.५ टक्के. करोनानंतर तो ४२.८ वर घसरला आणि २०२४ मध्ये ४८.८ पर्यंत सावरला. इमारती उभ्या राहिल्या, मुले शाळेत आली, हे यश खोटे नाही. पण पाचवीच्या वर्गात बसलेल्या दर दोन मुलांतल्या एकाला दुसरीची गोष्ट वाचता येत नाही.

कारण कुठे दडलेले असते, ते केनियातल्या एका प्रयोगाने दाखवले. ग्रामीण शाळांना सरकारमान्य पाठ्यपुस्तके फुकट दिली. वर्गाची सरासरी हललीच नाही. फायदा झाला तो आधीपासून हुशार असलेल्या मुलांनाच. पुस्तके इंग्रजीत होती आणि बहुतेक मुलांसाठी ती तिसरी भाषा होती. पैसे खर्च झाले, पुस्तके पोचली, पण ज्याला वाचता येत नाही त्याच्या हातात पुस्तक आले एवढेच.

परितेवाडीची गोष्ट इथे नव्याने वाचायला हवी. डिसले २००९ मध्ये तिथे गेले तेव्हा शाळेची इमारत पडकी होती, शेजारी गोठा होता, मुलींची हजेरी नाममात्र होती. आणि पाठ्यपुस्तके मुलांच्या घरच्या भाषेत नव्हती. मुले कन्नड बोलणारी. अक्कलकोट, दक्षिण सोलापूर हिंडलेल्या माणसाला यात नवल वाटणार नाही. सोलापूर शहरात तर मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू एकाच गल्लीत नांदतात. डिसले यांनी कन्नड शिकून घेतली, धडे मुलांच्या भाषेत आणले आणि पुस्तकात क्यूआर कोड चिकटवून त्यामागे कविता, गोष्टी, चित्रफिती ठेवल्या. जगभर बोलबाला कोडचा झाला आणि पुढे राज्याच्या पाठ्यपुस्तकांत ते छापलेही गेले. पण नुसता कोड छापणे म्हणजे पुन्हा केनियाचेच पुस्तक. आधी या मुलाला काय कळत नाही हे कोणी तरी शोधले होते. कोड त्यानंतर आला.

हा शोध किती स्वस्तात लागतो, त्याचा आकडा मुंबई आणि वडोदऱ्यातून मिळतो. २००१ ते २००३ दरम्यान ‘प्रथम’ संस्थेच्या बालसखी कार्यक्रमाची अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी काटेकोर तपासणी केली. महापालिका शाळांतल्या तिसरी-चौथीच्या मागे पडलेल्या पंधरा-वीस मुलांना रोज दोन तास वेगळे बसवायचे. शिकवणारी त्याच भागातली मुलगी, मानधन महिना ५०० ते ७५० रुपये. शिकवायचे ते चौथीचे पुस्तक नव्हे, तर मूल जिथे अडले आहे तिथपासून: अक्षर अडले तर अक्षर, हातच्याची वजाबाकी अडली तर ती. मुलामागे वार्षिक खर्च शंभर रुपयांच्या आसपास. दोन वर्षांत गुणांमध्ये ठळक वाढ झाली आणि ती मुख्यतः सगळ्यात मागे असलेल्या मुलांत होती. मर्यादाही तेवढीच ठळक: कार्यक्रम थांबल्यावर वर्षभरात त्यातला बराच फायदा ओसरला. म्हणजे हे एकदा टोचून मोकळे व्हायचे काम नाही, दरवर्षीचे आहे.

महाराष्ट्राने हे मोठ्या प्रमाणावर करून पाहिले आहे. जून २०१५ च्या शासन निर्णयाने सुरू झालेल्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रमात भर होता तो प्रत्येक मूल कुठे आहे ते तपासण्यावर आणि त्याच पातळीवरून शिकवण्यावर. ‘असर’नुसार सरकारी शाळांतल्या पाचवीच्या मुलांत दुसरीची गोष्ट वाचणारे २०१४ मध्ये निम्म्याच्या थोडे वर होते, २०१८ मध्ये दोन तृतीयांशांच्या जवळ पोचले. याचे सगळे श्रेय एकाच कार्यक्रमाला देता येणार नाही, पण त्या काळात राज्याची वाढ देशाच्या सरासरीपेक्षा वेगळी दिसते.

पैसा निरुपयोगी आहे, असे यातून सिद्ध होत नाही. अमेरिकेत न्यायालयांच्या आदेशांमुळे ज्या जिल्ह्यांतल्या शाळांचा खर्च वाढला, तिथल्या गरीब घरांतली मुले पुढे जास्त शिकली आणि जास्त कमावती झाली, असे २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात आढळले. लहान शाळा बंद करून मुलामागचा १ लाख ३४ हजारांचा आकडा कागदावर खाली आणता येईल, पण वस्तीवरच्या सात वर्षांच्या मुलीला शाळा घरापासून चालत जाण्याजोग्या अंतरात लागते आणि ती सोय स्वस्तात होत नाही. दोन शिक्षकांमागे बारा मुले असणे ही खरे तर संधी आहे: इतक्या कमी मुलांत प्रत्येकाची पातळी एका सकाळीत तपासून होते.

अडचण अशी की अर्थसंकल्पात वेतनाला लेखाशीर्ष आहे, बांधकामाला आहे, गणवेशाला आहे, पोषण आहाराला आहे. वाचता येण्याला नाही. ज्याला लेखाशीर्ष नाही त्याचा हिशेब कोणी मागत नाही, त्याचे लेखापरीक्षण होत नाही आणि ते झाले नाही म्हणून कोणाचे बिल अडत नाही. म्हणून शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत अनुदानाच्या पावत्यांसोबत एक यादी मागावी: चौथीतली कोणती मुले गोष्ट वाचतात, कोणती परिच्छेदावर अडतात, कोणती अजून शब्दावर आहेत आणि मागच्या सहामाहीत ती कुठे होती. ही यादी करायला मुलामागे पाच मिनिटे आणि एक कागद लागतो. साडेसहा कोटींच्या त्या तासिकेतून काय मिळाले, हे तो कागद सांगेल.