विहिरीतलं पाणी कुठल्या बाजूला चाललंय?

सकाळी ७ वाजता, मोटारी सुरू व्हायच्या आत, गावातल्या दहा-बारा मुलामुलींना एका विहिरीवर बोलवा. फोनचा डेटा बंद करायला सांगा. आता नकाशावर जागा कशी कळणार? कळते! सुमारे २०,००० किलोमीटर वरून जीपीएसचे उपग्रह अखंड वेळ सांगत असतात. किमान चार उपग्रहांचे संदेश पोहोचायला किती वेळ लागला, यावरून फोन आपली जागा काढतो.

पहिला सराव २० मिनिटांचा. सगळ्यांनी एकाच दगडावर उभं राहून जागा नोंदवायची. तरीही ठिपके काही मीटर इकडेतिकडे पडतात. पाच मीटरची चूक म्हणजे वेळेत किती चूक? सेकंदाचा जेमतेम सहा कोटीवा भाग! झाडाखाली ठिपके आणखी फाकतात. म्हणून उघड्यावर मिनिटभर थांबा आणि फोनच्या जीपीएस अॅपमधला अचूकतेचा आकडा पाच मीटरपर्यंत उतरला की मगच नोंद करा.

७:२० ते ८:३० मोजणी. टेपला वजन बांधून विहिरीत सोडा, पाण्यावर तरंग उठला की आकडा वाचा. कठड्यापासून ७.४ मीटर आले आणि कठडा ०.९ मीटर उंच असेल, तर पाणी जमिनीखाली ६.५ मीटरवर आहे. जवळच्या दुसऱ्या विहिरीत समजा ते ५ मीटरवरच लागलं. मुलं लगेच म्हणतील, इथलं पाणी वर आहे. खरंच आहे का?

ते कळायला दोन्ही विहिरींजवळच्या जमिनीच्या उंचीतला फरक हवा. इथे फोनने दाखवलेली उंची चालत नाही. जागेपेक्षा उंचीत त्याची चूक जास्त होते, आणि आपल्याला तर हातभर फरक पकडायचाय. त्यापेक्षा गवंड्याची पाणी भरलेली पारदर्शक नळी आणा. टप्प्याटप्प्याने लेव्हल घेत दुसऱ्या विहिरीपर्यंत जायला तासभर लागेल. नळीत हवेचा बुडबुडा राहिला तर माप फसतं, एवढं पाहा.

समजा दुसऱ्या विहिरीची जमीन ३ मीटर खाली निघाली. पहिली जमीन १०० मीटरवर धरली, तर पहिलं पाणी ९३.५ वर आणि दुसरं ९७ वजा ५, म्हणजे ९२ वर. जवळ दिसणारं पाणी प्रत्यक्षात दीड मीटर खाली आहे! दोन्ही विहिरी एकाच थरातून भरत असतील, तर डोळ्यांना न दिसणारा उतार पहिलीकडून दुसरीकडे जातो. नेमकी दिशा कळायला तिसरी विहीरही लागते, तीही पहिल्या दोन्हींच्या रेषेबाहेरची.

९:३० ते १०:१५ तिन्ही आकडे कागदी नकाशावर मांडा. आपल्या काळ्या दगडात थर बदलतात, त्यामुळे शेजारच्या दोन विहिरी वेगवेगळ्या थरांतून भरत असू शकतात. एखादा आकडा फारच वेगळा आला, तर आधी मालकाला विचारा, रात्री मोटार चालली होती का? चालली असेल, तर दोन तासांनी पुन्हा मोजा. पाणी वर चढलं असेल, तर पहिला आकडा मोटारीचा होता, जमिनीचा नव्हे.