एका पानातलं गुरुत्वाकर्षण

दहावीच्या विज्ञान भाग १ मधला पहिलाच धडा गुरुत्वाकर्षणाचा. परीक्षेआधी त्याच्या नोट्स काढायच्या म्हटल्या की बहुतेक मुलं पुस्तक उघडं ठेवून वाक्यं उतरवत जातात. वहीची आठ पानं भरतात आणि धडा होता तेवढाच राहतो, फक्त अक्षर बदलतं.

खरं काम पुस्तक मिटल्यावर सुरू होतं. धडा एकदा नीट वाचावा, मग पुस्तक बंद करून आठवेल ते कच्च्या कागदावर लिहावं. जे आठवलं नाही ते पुस्तकात पाहून दुसऱ्या रंगाने भरावं. पक्क्या नोट्समध्ये सर्वात जास्त जागा या दुसऱ्या रंगाला द्यायची. जे न बघता लिहिता आलं, त्याला एखादा शब्द पुरतो.

मग पाहायचं की कशातून काय निघतं. या धड्यात सूत्रं बरीच दिसतात, पण मूळ एकच: F = Gm₁m₂/r². पृथ्वीचं वस्तुमान M आणि त्रिज्या R घातली की g = GM/R². मुक्तिवेग √(2GM/R), त्यात GM च्या जागी gR² ठेवलं की √(2gR). g ला 9.8 आणि R ला 6.4 × 10⁶ मीटर घेतलं, तर उत्तर येतं सेकंदाला सुमारे 11.2 किलोमीटर. हे चार ओळींत बाणांनी जोडून लिहिलं की एक सूत्र विसरलं तरी मागच्यावरून काढता येतं. सफरचंदाची गोष्ट खुशाल वगळावी.

मात्र काटछाट करताना कारणं गेली तर नोट्स फसव्या होतात. ‘उंचीवर g कमी, खोलीवर g कमी’ ही ओळ सुटसुटीत आहे, पण अपुरी आहे. उंचीवर केंद्रापासूनचं अंतर वाढतं, म्हणून g घटतो. खोल गेल्यावर तर अंतर कमी होतं, मग g वाढायला नको का? नाही, कारण आपल्याला खेचणारा पृथ्वीचा भागही कमी होतो. परीक्षेत ‘कारणे द्या’ म्हटल्यावर गुण या शेवटच्या वाक्याला असतात. ते पानावर हवंच.

पानाच्या डाव्या बाजूला चार बोटं समास सोडून तिथे फक्त प्रश्न लिहावेत: चंद्रावर वस्तुमान का बदलत नाही? केप्लरच्या तिसऱ्या नियमातून न्यूटनला काय मिळालं? उजवी बाजू झाकून उत्तरं देऊन पाहावीत. निव्वळ हायलायटर फिरवण्यापेक्षा अशी स्वतःची चाचणी जास्त उपयोगी पडते, असं डनलॉस्की आणि सहकाऱ्यांनी 2013 मध्ये अभ्यासाच्या दहा पद्धती तपासून मांडलं होतं.

प्रश्न वाचून उत्तर आलं नाही आणि झाकलेला मजकूर पाहूनही उलगडलं नाही, तर तिथे नोट जास्तच आखडली आहे असं समजावं. त्या ओळीत एक वाक्य वाढवावं. दुसऱ्याच्या नोट्सची झेरॉक्स इथेच अडते: कुठे वाढवायचं ते तिच्या मालकालाच ठाऊक असतं.