साठ पानांच्या ब्रँड डेकमधून दोन पानांची लेखनशैली

समजा, एका सहकारी बँकेने नवे बोधचिन्ह आणले आणि त्यासोबत साठ स्लाइड्सचा ब्रँड डेक आला. त्यात रंग, फाँट, छायाचित्रे यांचे तपशील भरपूर. भाषेबद्दल मात्र एकच स्लाइड: ‘आपुलकीचा, स्पष्ट, विश्वासू.’ ग्राहकांना एसएमएस लिहिणाऱ्याला त्यातून काय कळणार?

शैलीपत्रक काढायचे तर आधी डेकमधली शब्दांशी संबंधित वाक्येच, स्लाइड क्रमांकासह, उतरवून घ्यावीत. नमुना म्हणून दाखवलेले पोस्टर आणि जाहिराती सोडू नयेत. खरे नियम बहुधा तिथेच दडलेले असतात. या बँकेच्या पोस्टरवर सगळीकडे ‘तुम्ही’ असेल आणि एकही उद्गारचिन्ह नसेल, तर ते दोन नियमच झाले. मात्र डेकमध्ये स्पष्ट लिहिलेले काय आणि आपण ताडलेले काय, याच्या खुणा वेगळ्या ठेवाव्यात. ताडलेले नियम ब्रँड सांभाळणाऱ्यांकडून पक्के करून घ्यावेत.

पुढे प्रत्येक विशेषणाला तपासता येईल असे रूप द्यायचे. ‘स्पष्ट’ म्हणजे आधी काय घडणार ते आणि मग ग्राहकाने काय करायचे ते. ‘तांत्रिक कारणास्तव सेवेत व्यत्यय येणार असल्याने होणाऱ्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत’ याऐवजी ‘आज रात्री ११ ते पहाटे ४ ॲप बंद राहील. एटीएममधून पैसे काढता येतील.’ सूर प्रसंगानुसार बदलतो, हेही नोंदवावे. दिवाळीच्या शुभेच्छांमधला लाडिकपणा कर्जाच्या थकबाकीच्या सूचनेत चालत नाही.

नावांचा भाग मराठीत जास्त अवघड. डेक इंग्रजीत असेल तर तो फक्त नावाचे स्पेलिंग सांगतो. देवनागरीत ‘ई-पासबुक’ की ‘ईपासबुक’, प्रत्यय जोडून ‘ई-पासबुकमध्ये’ की तोडून, ॲप ‘उघडले’ की ‘उघडला’, हे आपणच ठरवायचे असते. प्रत्येक नावासमोर एकच योग्य रूप आणि नेहमी होणारी चूक लिहावी.

टाळायच्या शब्दांना कारण आणि पर्याय दोन्ही हवेत. ब्रिटिश सरकारच्या संकेतस्थळाची शैली ‘ड्राइव्ह’ हा शब्द टाळायला सांगते, कारण वाहन चालवता येते, योजना नव्हे. असे कारण लक्षात राहते. आपल्या यादीत ‘सदर’ऐवजी ‘हा’ आणि ‘अत्याधुनिक सुविधा’ऐवजी सुविधेचे नाव येईल. यादी वीस शब्दांपुढे गेली की कोणी उघडत नाही.

शेवटी पत्रक दोघांना वेगवेगळे द्यावे आणि दहा जुने संदेश पुन्हा लिहायला सांगावेत. दोघांचे शब्द वेगळे असले तरी चालेल. पण एकाने ‘आपण’ आणि दुसऱ्याने ‘तुम्ही’ लिहिले, तर तो नियम अजून धूसर आहे. पत्रक वाटण्याआधी तो दुरुस्त करा.