शीर्षकाचा गुण की गणपतीचा?

समजा, उकडीच्या मोदकांच्या पाककृतीचं एक पान आहे आणि त्याचं शीर्षक आहे ‘आजीच्या हातचे लुसलुशीत मोदक’. ते बदलून ‘उकडीचे मोदक : पारी फुटू नये म्हणून काय करावं’ असं केलं, तर गूगलच्या शोधात पान जास्त वेळा दिसेल का? निम्म्या लोकांना एक आणि निम्म्यांना दुसरं शीर्षक दाखवून हे तपासता येत नाही, कारण गूगल आपल्या साठ्यात त्या पानाचं एकच रूप ठेवतं. म्हणून पाळीपाळीने जावं लागतं : चार आठवडे जुनं, चार आठवडे नवं.

मोजणी गूगलच्या सर्च कन्सोलमध्ये फुकट मिळते. तिथला ‘इम्प्रेशन्स’चा आकडा म्हणजे पान निकालांत किती वेळा आलं. शोधणाऱ्याने खाली सरकून ते पाहिलंच नसलं, तरी तेही धरलं जातं. शीर्षक बदलल्या दिवसापासून मात्र मोजू नये. गूगल पान पुन्हा वाचायला काही दिवस, कधी काही आठवडे घेतं. शिवाय त्याला पटलं नाही, तर तुमचं शीर्षक बाजूला सारून पानावरचाच दुसरा मजकूर दाखवतं. तेव्हा आधी स्वतः शोधून नवं शीर्षक खरोखर दिसतंय ना, ते पाहावं आणि मगच दिवस धरावेत.

आता खरी गोम. जुन्या शीर्षकाच्या काळात पान 4,000 वेळा दिसलं आणि नव्याच्या काळात 6,000 वेळा, असं धरू. दीडपट! पण दुसरा काळ गणेशचतुर्थीच्या तोंडावर आला असेल, तर श्रेय कोणाला द्यायचं? यासाठी ज्याला हात लावलेला नाही असं जोडीचं पान हवं, तेही त्याच हंगामाचं. पुरणपोळीचं चालणार नाही. तळणीच्या मोदकांचं पान त्याच काळात 2,000 वरून 3,000 वर गेलं असेल, तर तीही दीडपटच झाली. म्हणजे शीर्षकाने काहीच केलं नाही. जोडीचं पान 2,200 वरच थांबलं असतं, तर नव्या शीर्षकाच्या बाजूने बोलता आलं असतं.

तरीही कोणत्या शोधांमुळे आकडा वाढला, ते पाहावंच. ‘मोदकाची पारी फुटते’ असे शब्द यादीत नव्याने आले असतील, तर शीर्षकाचा हात असावा. अशा वेळी सरासरी क्रमांक घसरलेला दिसला, तरी घाबरायचं कारण नाही. नव्या शोधांत पान बरंच खाली येत असेल, तर सरासरी खाली जाणारच. पण तेवढ्या खालच्या निकालावर सहसा कोणी क्लिक करत नाही. त्यामुळे इम्प्रेशन्स वाढले आणि क्लिक जिथल्या तिथे राहिले, तर मी त्या शीर्षकाला विजयी म्हणणार नाही.

खात्री हवी असेल, तर सण सरल्यावर जुनं शीर्षक परत लावा आणि जोडीच्या पानाशी असलेलं प्रमाण पुन्हा उतरतं का, ते पाहा.